मुंबई सेंट्रलला नानांचे नाव : पत्रातला इतिहास

मुंबई सेंट्रल स्थानकाला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे नाव द्यावे ही मागणी जुनी असून तिच्या समर्थनार्थ वृत्तपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहारात अनेकदा पत्रे आली आहेत. अशा पत्रांत बहुधा एक वाक्य असतेच : नानांनी मुंबईत रेल्वे आणली, म्हणून स्थानकाला त्यांचे नाव हवे. वाक्याचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. अडचण ‘म्हणून’ या शब्दापाशी सुरू होते.

नाना (1803–1865) मुंबईचे मोठे व्यापारी होते. 1845 मध्ये मुंबईत इंडियन रेल्वे असोसिएशन उभी राहिली, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर नाना तिच्या पुढाऱ्यांत होते. पुढे हे प्रयत्न ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जीआयपीत, विलीन झाले आणि नाना तिच्या संचालकांपैकी एक झाले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी याच कंपनीची.

मुंबई सेंट्रल मात्र जीआयपीचे नव्हे. ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या कंपनीचे स्थानक. या कंपनीचा मार्ग गुजरातकडून येऊन 1864 मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि पुढच्याच वर्षी नानांचे निधन झाले. मुंबई सेंट्रलची आजची इमारत क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि डिसेंबर 1930 मध्ये खुली झाली. नानांच्या मृत्यूनंतर 65 वर्षांनी. ‘नानांची गाडी येथून सुटली’ असे पत्रात लिहिले, तर जाणकार वाचक दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र पाठवील आणि मूळ मागणी बाजूला पडेल. नानांच्या कंपनीची गाडी सुटली ते ठिकाण बोरीबंदर. तिथल्या स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे आणि त्यात बदल कोणी मागणार नाही.

मग मुंबई सेंट्रलच का? याचे प्रामाणिक उत्तर दोन धाग्यांनी देता येते. पहिला, नानांचे काम एका कंपनीपुरते नव्हते. रेल्वेसाठी पैसा व पाठबळ उभे करणाऱ्या पहिल्या भारतीयांत ते होते. दुसरा धागा भूगोलाचा आहे आणि तो पत्रात क्वचितच येतो : शेजारच्या ग्रँट रोड स्थानकाजवळचा नाना चौक त्यांच्याच नावाचा आणि गिरगावचा हा सारा परिसर त्यांच्या आयुष्याशी जोडलेला. पत्राचा गाभा असा असू शकतो : ‘नानांनी हे स्थानक बांधले नाही. पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी प्रथम खटपट केली त्यांचे नाव शहरातल्या एकाही मोठ्या टर्मिनसला नाही, आणि त्यांच्या नावाच्या चौकापासून सर्वांत जवळचे टर्मिनस हेच.’ दावा लहान झाला, पण खोडणे अवघड झाले.

केवळ गौरवावर भर देण्यात आणखी एक धोका आहे. गावांची व स्थानकांची नावे बदलण्यासंबंधी केंद्रीय गृह मंत्रालयाची 1953 ची मार्गदर्शक सूचना आजही आधार मानली जाते. लोकांना सवय झालेले नाव शक्यतो बदलू नये, इतिहासाशी जोडलेल्या नावांना हात लावू नये, आणि निव्वळ स्थानिक अभिमानासाठी किंवा राष्ट्रीय नेत्याचा सन्मान म्हणून बदल करू नये, असा तिचा रोख आहे. बदल सुचवणाऱ्याने सविस्तर कारणे द्यावीत अशीही तीत अपेक्षा आहे. म्हणून नानांची थोरवी दोन परिच्छेदांत सांगणाऱ्या पत्रापेक्षा, ‘सेंट्रल’ हे नाव 1930 चे असून ते व्यक्ती, गाव किंवा घटना यांपैकी कशाचीही आठवण जपत नाही, हे दाखवणारे एक वाक्य उपयोगी पडते.

पत्रांचा रोख पुष्कळदा रेल्वेमंत्र्यांकडे असतो, तोही थोडा चुकतो. प्रस्ताव राज्य सरकारने करायचा; केंद्रीय गृह मंत्रालय रेल्वे, टपाल खाते व सर्व्हे ऑफ इंडिया यांचे मत घेऊन ना-हरकत देते; त्यानंतर राज्याची अधिसूचना निघते आणि मग रेल्वे फलक, तिकिटे व स्थानकाचा संकेत बदलते. याच वाटेने एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी 2018 मध्ये झाले. मुंबई सेंट्रलच्या नामांतराला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च 2020 मध्ये मान्यता दिली. त्यामुळे आता लिहिल्या जाणाऱ्या पत्राने राज्याकडे नव्याने मागणी करण्याऐवजी केंद्राकडील ना-हरकतीचे काय झाले, हे विचारणे अधिक नेमके ठरते.