जांभळा की गुलाबी? पाच मिनिटांत जंतूची जात ओळखणारी चाचणी

समजा, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावातल्या एका सहा वर्षांच्या मुलाला दोन दिवस सणकून ताप आहे, उलट्या होत आहेत आणि आता त्याची मान ताठ झाली आहे. डॉक्टरांना मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याची, म्हणजे मेनिन्जायटिसची शंका येते. मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं जातं, पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढलं जातं आणि ती छोटी बाटली प्रयोगशाळेत पोहोचते. औषध थांबवून ठेवता येत नाही, ते सुरू झालेलं असतं. पण कोणत्या जंतूशी गाठ आहे, हे कळायला हवं. जंतू वाढवून, म्हणजे कल्चर करून ओळखायला एक-दोन दिवस लागतात. ग्रॅम रंजन पद्धतीने पहिला सुगावा काही मिनिटांत मिळतो.

डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत जंतू नीट दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. काही जंतू रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तोच फरक पुढे जंतूंच्या वर्गीकरणाचा पाया ठरला.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर ही कृती चार ओळींत असते. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन काही सेकंद, सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. मधे मधे पाण्याने धुणं. पाठ करायला सोपं. पण प्रत्येक ओळीला कारण आहे आणि एक जरी चुकली तर उत्तर उलटं येऊ शकतं.

सुरुवात रंगाच्याही आधी होते. नमुन्याचा पातळ थर काचपट्टीवर हवेत वाळू देतात आणि मग ती पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवतात किंवा तिच्यावर मेथॅनॉल घालतात. यामुळे जंतू काचेला चिकटतात आणि पुढच्या धुण्यात वाहून जात नाहीत. पट्टी फार तापली तर जंतूंची भिंत बिघडते, मग पुढचं सगळंच बिघडतं. थर जाड झाला तर रंग सगळीकडून सारखा निघत नाही.

आता पहिला रंग. क्रिस्टल व्हायोलेटचे कण धनभारित असतात आणि जंतूच्या आतले अनेक घटक ऋणभारित. त्यामुळे रंग भिंत ओलांडून आत शिरतो आणि तिथे चिकटतो. या टप्प्यावर भेद काहीच नसतो, सगळे जंतू जांभळे दिसतात.

दुसरी पायरी आयोडीनची. कापड रंगवताना रंग पक्का व्हावा म्हणून तुरटी वापरतात, तसंच आयोडीनचं काम असल्याचं सांगितलं जातं. पण नेमकं पाहिलं तर आयोडीन रंगाला जंतूशी बांधत नाही. ते जंतूच्या आत शिरून रंगाच्या कणांशी जुळतं आणि त्यांचे मोठे, सहज न विरघळणारे गोळे तयार होतात. छोटा कण ज्या फटीतून आत आला, त्याच फटीतून मोठा गोळा बाहेर पडायला वेळ लागतो. आयोडीन विसरलं तर धरून ठेवायला गोळाच नसतो. पुढच्या पायरीत सगळेच जंतू रंग गमावू शकतात.

तिसरी पायरी निर्णायक. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन घातलं की दोन प्रकारच्या भिंतींचा फरक उघडा पडतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीचे अनेक थर असतात. अल्कोहोलमुळे त्यातलं पाणी निघून जातं, जाळी आक्रसते, तिची छिद्रं बारीक होतात आणि जांभळे गोळे आत अडकतात. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची जाळी अगदी पातळ असते आणि तिच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचं आणखी एक आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं, पातळ जाळी गोळे रोखू शकत नाही आणि जंतू रंगहीन होतो.

पण हा फरक वेगाचा आहे. जास्त वेळ धुतलं तर ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूही शेवटी रंग सोडतात. कमी धुतलं तर ग्रॅम-निगेटिव्ह जांभळेच राहतात. म्हणून तंत्रज्ञ पट्टी तिरकी धरून द्रव ओघळू देतात आणि गळणारा थेंब जांभळा दिसेनासा झाला की लगेच पाण्याने धुतात. अ‍ॅसिटोनला दोन-तीन सेकंद पुरतात, अल्कोहोलला थोडे जास्त.

चौथी पायरी सॅफ्रानिनची. रंगहीन झालेले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ दिसतच नाहीत. सॅफ्रानिन त्यांना गुलाबी करतं. जांभळ्या जंतूंवरही ते बसतं, पण गडद जांभळ्यापुढे ते जाणवत नाही. ही पायरी राहिली, तर पट्टीवर गुलाबी दिसायला हवे होते ते जंतू नाहीतच असा समज होईल.

आता त्या मुलाच्या पट्टीकडे वळू. तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून पाहिल्यावर जोडीजोडीने असलेले गुलाबी गोलाणू दिसले, असं धरू. गुलाबी जोड्या म्हणजे मेनिंगोकोकस, हा पहिला तर्क. तसं असेल तर घरच्यांना आणि निकट संपर्कातल्या लोकांनाही प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. जांभळ्या जोड्या असतील तर तो बहुधा न्यूमोकोकस. त्यात घरच्यांना औषध लागत नाही, पण काही न्यूमोकोकस नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, हे लक्षात ठेवून मुलाचं औषध ठरवावं लागतं. आणि अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं, तर हाच न्यूमोकोकस गुलाबी दिसतो.

मग खरं काय, हे कसं कळणार? अनुभवी नजर आधी आकार पाहते. न्यूमोकोकसच्या जोडीतले गोलाणू भाल्याच्या पात्यासारखे किंचित निमुळते असतात. मेनिंगोकोकसचे राजम्याच्या दाण्यांसारखे, चपट्या बाजू समोरासमोर ठेवलेले. दुसरा पुरावा पट्टीवरच्या पूपेशींचा. त्यांचं केंद्रक गुलाबी-लालच दिसायला हवं. ते जांभळं असेल तर धुणं कमी पडलं आहे. पण धुणं जास्त झालं असेल, तर पूपेशी ते सांगत नाहीत. त्यासाठी त्याच वेळी ओळखीच्या जंतूंची नियंत्रण पट्टी रंगवतात. तिच्यावर स्टॅफिलोकोकस जांभळे आणि ई. कोलाय गुलाबी दिसले, तरच रुग्णाच्या पट्टीवर भरवसा ठेवायचा. नियंत्रणातले स्टॅफिलोकोकस गुलाबी निघाले, तर नव्या पट्टीवर सगळं पुन्हा करायचं.

पट्टी बिनचूक असली तरी चाचणीला मर्यादा आहेत. आधीच प्रतिजैविकं मिळाली असतील तर जंतूंची भिंत खिळखिळी होते आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू गुलाबी दिसू शकतात; म्हणून आधी घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची माहिती प्रयोगशाळेला द्यावी लागते. क्षयाच्या जंतूंची भिंत मेणचट असल्याने ते या पद्धतीने नीट रंगत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आहे. नमुन्यात जंतू फार कमी असतील तर पट्टी रिकामीही दिसते. त्यामुळे ‘जंतू आढळले नाहीत’ या अहवालाचा अर्थ संसर्ग नाही असा होत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कल्चरच सांगतं. तोवर त्या मुलाच्या डॉक्टरांच्या हाती आकार आणि रंग, एवढीच माहिती असते. तिच्यातला रंग खरा आहे की नाही, हे पट्टी धुताना गेलेल्या काही सेकंदांवर ठरलेलं असतं.