वाकड्या काठ्यांनी अचूक पातळी

तीन टक्के उताराचं रान डोळ्यांना जवळजवळ सपाटच दिसतं. शंभर मीटर चालून गेलं की जमीन तीन मीटर खाली उतरलेली असते, हे आपल्याला जाणवत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला मात्र बरोबर कळतं. नांगराचे तास उताराच्या दिशेने असतील तर प्रत्येक तासातून पाणी माती घेऊन धावतं.

उताराला आडवी नांगरट करावी, हे शेतकऱ्याला नवं नाही. आडवं म्हणजे नेमकं कुठून कुठे, हा खरा प्रश्न आहे. बरेच जण बांधाला समांतर नांगरतात. पण बांध वाटणीप्रमाणे पडलेले असतात, जमिनीच्या पातळीप्रमाणे नव्हे. समपातळीची रेघ शेतात शोधावीच लागते, आणि त्यासाठी ए-फ्रेम हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

दोन-दोन मीटरच्या दोन काठ्या शेंड्याशी घट्ट बांधायच्या आणि खालचे पाय दोन मीटर फाकवायचे. शेंड्यापासून मीटरभर खाली एक आडवी काठी ठोकायची. शेंड्यावरून सुतळीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. अशाच आकाराचं ओळंब्याचं साधन सुमारे 3,200 वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात ठेवलेलं सापडलं आहे.

काठ्या इंचभर लहान-मोठ्या असल्या तरी चालतात. फ्रेम उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका, सुतळी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. जमिनीच्या कलामुळे सुतळी पहिल्या वेळी जितकी एका बाजूला सरकली, तितकीच आता दुसऱ्या बाजूला सरकते. फ्रेमचा स्वतःचा वाकडेपणा मात्र दोन्ही वेळा तोच राहतो. म्हणून दोन खुणांचा मध्य हीच त्या फ्रेमची खरी पातळी.

आता शेताच्या वरच्या कडेपासून सुरुवात करायची. एक पाय खुंटीशी ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा. सुतळी मधल्या खुणेवर आली की तिथे खुंटी. पायाखाली ढेकूळ किंवा खळगा नको, म्हणून हे काम नांगरटीआधी, धसकटं उभी असतानाच करावं. नांगरलेल्या भुसभुशीत मातीत पाय रुततो.

पुढचं पाऊल कसं टाकायचं, यात खरी मेख आहे. समजा खूण चुकली आणि प्रत्येक पावलाला एक सेंटिमीटरची चूक होते. फ्रेम उचलून दर वेळी तोच पाय पुढे ठेवला, तर शंभर मीटरांच्या पन्नास पावलांत रेघ अर्धा मीटर खाली जाईल, आणि तासातलं पाणी तिच्याबरोबर वाहू लागेल. त्याऐवजी पुढचा पाय तिथेच ठेवून मागचा पाय कंपासासारखा फिरवून पुढे आणला, तर एका पावलाची चूक पुढच्या पावलात उलटी होऊन फिटते. खुंट्या थोड्या नागमोडी पडतात, तीन टक्के उतारावर साधारण 33 सेंटिमीटर इकडेतिकडे. त्या नजरेने सारख्या करून फक्की टाकली की रेघ तयार.

मोठ्या शेतात लाइन लेव्हल लवकर काम करते. सारख्या उंचीवर खुणा केलेल्या दोन काठ्या, त्यांत ताणलेली दहा मीटर दोरी आणि दोरीवर अडकवलेली छोटी पाणसळ. पाणसळ दोरीच्या बरोबर मध्यावरच हवी. दोरी कितीही ताणली तरी थोडी झोल खातेच, आणि दोन्ही टोकं सारख्या उंचीवर असली की त्या झोलाचा फक्त मधला बिंदू आडवा असतो. पाणसळही उलटी अडकवून पाहावी. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच जागी राहिला तरच ती खरी.

भारी काळ्या जमिनीत नेमकी समपातळी उलट नडते, कारण पाणी मुरत नाही आणि तासात साचून राहतं. तिथे रेघेला 0.2 टक्के ढाळ देतात. दहा मीटरला तो फक्त दोन सेंटिमीटर होतो. पुढच्या काठीवर दोरी तेवढीच वर बांधली की काम झालं. ए-फ्रेमच्या दोन मीटरांत हाच ढाळ चार मिलिमीटर, म्हणजे सुतळी दोनच मिलिमीटर हलणार. वाऱ्यात ते दिसत नाही. ढाळाचं टोक मात्र गवत राखलेल्या पाणवाटेतच सोडलं पाहिजे.

पहिली नांगरट या रेघेला समांतर चालते. उतार बदलला की समांतर तास पातळी सोडू लागतात. तिथे नवी रेघ आखावी, मध्ये थोडे अपुरे तास राहतील ते राहू द्यावेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर तासांच्या कडेने चालत जा. एखाद्या सखल जागी पाणी गोळा होऊन तास फुटला असेल, तर त्याच्या खालचे तासही एकेक करून फुटतात. तिथे खुंटी ठोकून ठेवा आणि पुढच्या नांगरटीआधी तेवढी रेघ पुन्हा मोजा.