विमा पैसे देतो, मशिन चालू करत नाही

समजा, भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपने ४० लाखांच्या व्हीएमसी मशिनची ऑर्डर दिली. वर्षभराची वॉरंटी आहे, मशिनरी ब्रेकडाउनचा विमाही उतरवलाय, म्हणून मालक निर्धास्त झाला.

वॉरंटीचं कलम बरेचदा असं असतं: मशिन चालू केल्यापासून १२ महिने किंवा कंपनीतून निघाल्यापासून १८ महिने, यांतलं जे आधी संपेल ते. मशिन आलं, पण फाउंडेशन झालं नव्हतं आणि वाढीव वीजभाराची मंजुरी रखडली होती. आठ महिने ते ताडपत्रीखाली पडून राहिलं. चालू झालं तेव्हा हातात दहाच महिने उरले होते. अकराव्या महिन्यात स्पिंडलचा ड्राइव्ह जळला. मुदत तर टळलीच होती. ती असती तरी व्होल्टेज वरखाली होऊन जळालेला भाग बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही.

उरला विमा. या पॉलिसीत विम्याची रक्कम तशाच नव्या मशिनच्या आजच्या किमतीइतकी, वाहतूक आणि उभारणीचा खर्च धरून, लावावी लागते. हप्ता वाचवायला मालकाने ३० लाखच लावले होते. किंमत ४० लाख, विमा ३० लाखांचा. म्हणून ४ लाखांच्या दुरुस्तीचे ३ लाखच मंजूर झाले, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली स्वतःच्या वाट्याची रक्कम वजा झाली. मशिन तीन आठवडे बंद होतं, तेवढ्यात गिऱ्हाईकाने काम दुसरीकडे दिलं. बुडालेल्या नफ्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि तीही सुरुवातीचे काही दिवस सोडूनच मोजते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जे टाळता येतं त्यावर आधी खर्च करावा. सर्व्हो स्टॅबिलायझर बसवावा. मशिनला स्वतंत्र अर्थिंग द्यावं आणि ते टेस्टरने मोजून घ्यावं, तेही उन्हाळ्यात, कारण जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. अनेक मशिनांत अक्षांची जागा लक्षात ठेवणारी बॅटरी असते. ती संपली की मशिनला आपली जागाच कळत नाही आणि काम थांबतं. बॅटरी कमी झाल्याचा अलार्म दिसताच ती बदलावी, पण कंट्रोल चालू ठेवूनच. बंद करून काढली तर नोंद पुसली जाते.

ट्रक उलटणं, आग, पूर यांचा धोका मालकाच्या काळजीने पूर्ण संपत नाही. तिथे विमा हवाच, आणि पूर्ण किमतीचा हवा. मात्र ब्रेकडाउनच्या पॉलिसीत आग धरलेली नसते. तिचा विमा वेगळा.

ऑर्डरवर सही करण्याआधी विक्रेत्याकडून एवढं लिहून घ्या, की वॉरंटी मशिन चालू झाल्याच्या तारखेपासूनच मोजली जाईल. तो तयार नसेल, तर फाउंडेशन आणि वीज तयार होईपर्यंत मशिन कंपनीतून हलवू देऊ नका.