मेल राहतो कुठे?

एका सोसायटीचं उदाहरण घ्या. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक आहे, सेक्रेटरींच्या फोनवर मेलचं ॲप आहे, आणि खजिनदार ब्राउझरमध्ये लॉगिन करून मेल पाहतात. पत्ता एकच, पासवर्डही एकच. तरी लिफ्टच्या कंत्राटदाराचं तीन महिन्यांपूर्वीचं कोटेशन फक्त ऑफिसात दिसतं. सेक्रेटरींनी ऑफिसातून पाठवलेलं उत्तरही बाकी दोघांना सापडत नाही.

तिघांपैकी कोणाचंच काही बिघडलेलं नाही. मूळ प्रत कुठे आहे, एवढाच प्रश्न आहे.

ब्राउझरमध्ये दिसतो तो थेट सर्व्हरवरचा मेल. आपल्या मशीनवर जवळजवळ काहीच उतरत नाही, त्यामुळे कोणत्याही कॉम्प्युटरवर तेच दिसतं. मात्र नेट गेलं की बहुधा सगळंच थांबतं. फोनचं ॲप त्याच सर्व्हरवरच्या अलीकडच्या मेलची प्रत जवळ ठेवतं. रेंज नसताना लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबतं आणि रेंज आल्यावर जातं. पण ॲपमध्ये मेल डिलीट केला की तो सर्व्हरवरूनही जातो, म्हणजे सगळीकडून जातो. ‘फोनची जागा मोकळी करू’ म्हणून मेल उडवणारे इथेच फसतात.

डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमला दोन रस्ते असतात. अकाउंट सेटिंगमध्ये IMAP दिसलं, तर तो फोनसारखाच सर्व्हरशी ताळमेळ राखतो. POP दिसलं, तर तो इनबॉक्समधला मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरची प्रत लगेच किंवा काही दिवसांनी काढून टाकतो. पाठवलेले मेलही त्या कॉम्प्युटरवरच राहतात. सोसायटीत नेमकं हेच झालं होतं. कोटेशनची एकुलती एक प्रत ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर, एका .pst फाइलमध्ये होती. उद्या ती डिस्क गेली, तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही.

ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये लॉगिन करून सहा महिन्यांपूर्वीचा एखादा मेल आणि ऑफिसातून पाठवलेलं एखादं उत्तर शोधा. ते प्रोग्रॅममध्ये आहे पण ब्राउझरमध्ये नाही, तर रस्ता बहुतेक POP चा.

दुरुस्तीसाठी आधी .pst ची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग जुन्या अकाउंटमध्ये Leave a copy of messages on the server वर खूण करा आणि किती दिवसांनी काढायचं, ही खूण काढून टाका. त्यानंतर तोच पत्ता IMAP ने नव्याने जोडा आणि जुने मेल त्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ते सर्व्हरवर चढतात. त्याआधी तिथली जागा पाहून घ्या. जीमेलच्या फुकट खात्यात 15 जीबी मिळतात, आणि त्यातच फोटो व ड्राइव्हचाही वाटा असतो. खजिनदारांना ब्राउझरमध्ये कोटेशन दिसलं, की मगच जुनं POP अकाउंट काढा.