अर्ध्याचा हिशेब

१९२४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मुलिकन एका साध्या रेणूचा वर्णपट तपासत होते. एक अणू बोरॉनचा, दुसरा ऑक्सिजनचा. निसर्गात बोरॉन दोन वजनांचा सापडतो, १० आणि ११, त्यामुळे वर्णपटात प्रत्येक पट्ट्याशेजारी त्याचा एक फिकट जोडीदार दिसतो. त्या काळच्या सिद्धान्तानुसार सर्वात खालच्या पातळीवर रेणूची कंपनऊर्जा शून्य असायची. तसे असते तर खालच्या पातळीपासून खालच्या पातळीपर्यंतच्या उडीचा पट्टा दोन्ही बोरॉनसाठी जवळजवळ एकाच जागी पडायला हवा होता, कारण शून्याला वजनाचा फरक कसला? प्रत्यक्षात तो सरकलेला होता. कंपनाची मोजणी ०, १, २ अशी न करता अर्धा, दीड, अडीच अशी केली, तर मात्र सगळे पट्टे जागच्या जागी बसत होते.

हा अर्धा कुठून आला, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. आर्नोल्ड सॉमरफेल्ड यांचा १९१५-१६ मधला नियम असा होता: कणाच्या एका पूर्ण फेरीत संवेग आणि अंतर यांच्या गुणाकाराची बेरीज करा, ती प्लांकच्या स्थिरांकाची पूर्ण पट आली पाहिजे, ∮p dx = nh. त्यात अर्ध्याला जागा नव्हती. १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांच्या नव्या गणितातून स्प्रिंगसारख्या दोलकासाठी तो अर्धा आपोआप बाहेर पडला. पण दोलक ही एकच गोष्ट झाली. कोणत्याही गुळगुळीत दरीत अडकलेल्या कणासाठी तो का यावा, याचे उत्तर १९२६ मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे दिले: ग्रेगोर वेंट्झेल, हेन्ड्रिक क्रामर्स आणि लेऑं ब्रिल्युएँ. त्यांच्या आद्याक्षरांवरून या रीतीला डब्ल्यूकेबी म्हणतात. क्रामर्स यांनी तर आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अर्धपूर्णांकी’ हा शब्द घातला. इंग्लंडचे हॅरोल्ड जेफ्रीज हेच गणित १९२३ मध्येच करून बसले होते, म्हणून काही पुस्तकांत मागे किंवा पुढे एक जे जोडलेला दिसतो. मला तो जोडणे न्याय्य वाटते.

रीतीचा गाभा एका वाक्यात मावतो. सपाट जागेत कणाची लाट एकाच तरंगलांबीची असते, λ = h/p. जमीन हळूहळू उतरत किंवा चढत असेल, तर त्या त्या जागचा संवेग p(x) = √(2m(E − V(x))) घ्यायचा आणि लाटेची लांबी त्या त्या जागी त्याप्रमाणे बदलते असे मानायचे. ‘हळूहळू’ याचा अर्थ नेमका आहे: एका तरंगलांबीइतके पुढे गेल्यावर तरंगलांबी फारशी बदललेली नसावी. मग लाटेची कला म्हणजे वाटेत मावलेल्या सरकत्या तरंगलांब्यांची मोजणी, (1/ħ)∫p dx. आणि लाटेची उंची 1/√p या प्रमाणात. उंचीचा हा नियम आठवून पाहायचा असेल, तर झोपाळ्याकडे पाहावे. मध्यावरून तो सपाट्याने निघून जातो, टोकांना रेंगाळतो. कुठल्याही क्षणी अचानक डोळे उघडले, तर तो टोकाशी दिसण्याचीच शक्यता जास्त. कण सापडण्याची शक्यता ही लाटेच्या उंचीचा वर्ग असते, म्हणजे 1/p. जिथे वेग कमी, तिथे मुक्काम जास्त.

आणि इथेच अडचण आहे. झोपाळा टोकाला पोचतो तेव्हा वेग शून्य होतो. p शून्य झाला की 1/√p अनंत होतो, तरंगलांबीही अनंत होते आणि ‘हळूहळू’ची अट कोसळते. या परतीच्या बिंदूपलीकडे, जिथे कणाची ऊर्जा डोंगराच्या उंचीपेक्षा कमी आहे, तिथे लाट डोलत नाही, विझत जाते. डोलणारी लाट अलीकडे, विझणारी पलीकडे आणि मधल्या पट्ट्यात आपले सूत्र निकामी. दोन्ही बाजू जोडायच्या कशा?

दरी गुळगुळीत असल्याचा उपयोग इथे होतो. परतीच्या बिंदूजवळ पुरेसे बारकाईने पाहिले, तर कोणताही गुळगुळीत उतार सरळ रेषेसारखाच दिसतो. सरळ उतारावरचे लाटेचे समीकरण अचूक सुटते आणि त्याचे उत्तर क्वांटम सिद्धान्ताच्या कितीतरी आधी माहीत होते. ग्रिनिचचे खगोलवेत्ते जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये इंद्रधनुष्याच्या कडेजवळचा प्रकाश कसा विरत जातो हे काढताना तेच फल वापरले होते. कडेच्या आत पट्टे, कडेबाहेर अंधार. आपल्या कणाचेही तेच. १८५० मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्या फलाची दूरवरची रूपे काढली: एका बाजूला ते विझते, आणि दुसऱ्या बाजूला sin(φ + π/4) असे डोलते, जिथे φ ही परतीच्या बिंदूपासून मोजलेली कला. सगळी मजा त्या π/4 मध्ये आहे.

लाटेचा एक पूर्ण फुगवटा म्हणजे π इतकी कला. तेव्हा π/4 म्हणजे पाव फुगवटा. पक्क्या भिंतीशी लाट शून्यापासून सुरू होते. गुळगुळीत उतारावर मात्र ती परतीच्या बिंदूपाशी शून्य नसते. ती थोडी पलीकडे झिरपलेली असते आणि आतून पाहणाऱ्याला जणू पाव फुगवटा आधीच उलगडून झालेला दिसतो.

आता दोन्ही काठांवरून मोजूया. डावीकडून पाहिले तर लाट sin(φ + π/4), उजवीकडून पाहिले तर sin(φ′ + π/4). लाट एकच आहे, म्हणून दोन्ही वर्णने जुळायला हवीत. φ आणि φ′ यांची बेरीज म्हणजे काठापासून काठापर्यंतची एकूण कला, Φ. दोन साइन फले सगळीकडे सारखी, फार तर चिन्हाने उलट, तेव्हाच असतात जेव्हा त्यांच्या कोनांची बेरीज π च्या पूर्ण पटीत असते. म्हणजे Φ + π/2 = (n + 1)π, म्हणजेच

∫p dx = (n + ½)πħ, किंवा पूर्ण फेरीसाठी ∮p dx = (n + ½)h.

पाव इकडचा, पाव तिकडचा, मिळून अर्धा. बाहेर झिरपलेले हे दोन पाव वजा केले की काठांच्या आत उरतो अर्धा, दीड, अडीच, साडेतीन फुगवटा. बोरॉनच्या पट्ट्यांतला अर्धा तो हाच. आपल्या भाषेत या संख्यांना स्वतंत्र नावे आहेत, त्यामुळे हा नियम मराठीत तोंडपाठ करायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

सूत्राचा कस पाहण्यासाठी एक दरी घेऊ: V = x⁴, तळाशी सपाट, बाजूंनी झपाट्याने चढणारी. ħ = 1 आणि 2m = 1 अशी एकके धरली, तर E ऊर्जेच्या कणाचे काठ ±E^(1/4) वर येतात. x = E^(1/4)·t असे मांडले की एकूण कला E^(3/4) गुणिले एक ठरावीक संख्या होते; ती संख्या, √(1 − t⁴) चे −१ ते १ संकलन, १.७४८० आहे. अट घातली की

E = [1.7972 (n + ½)]^(4/3).

या दरीचे अचूक उत्तर सूत्रात मिळत नाही, पण संगणकावर हव्या तितक्या अंकांपर्यंत काढता येते. तुलना अशी. n = १ साठी सूत्र ३.७५२ म्हणते, खरे मूल्य ३.८००, चूक सव्वा टक्का. n = २ साठी ७.४१४ आणि ७.४५६, चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. n = १० साठी ५०.२४० आणि ५०.२५६, चूक दहा हजारांत तीन. अर्धा न घेता सॉमरफेल्डच्या जुन्या नियमाने n = १ ची पातळी काढली असती, तर २.१८५ आली असती, आणि मूलावस्था सरळ शून्यावर.

पण मूलावस्थेत, n = ० ला, आपले सूत्रही घसरते: ०.८६७, खरे १.०६०. अठरा टक्के चूक. ती का होते हे उत्तर माहीत नसतानाही आधी ओळखता येते. परतीच्या बिंदूवरचा उतार घ्या. या एककांत त्याच्या व्यस्ताचे घनमूळ म्हणजे एअरीच्या लाटेची नैसर्गिक लांबी. मूलावस्थेत ती सुमारे ०.६२ भरते आणि काठांमधले अंतर २.०३, म्हणजे जेमतेम सव्वातीन लांब्या. काठाजवळचा उतार सरळ मानायचा आणि तिथून पुरेसे लांब जाऊन स्टोक्सचे रूप वापरायचे, ही आपली युक्ती. पण लांब जायला जागाच नाही, एका काठापासून निघालो की दुसरा काठ पुढ्यात. n = १० ला हेच अंतर साडेबावीस लांब्या होते, आणि सूत्राला ऐसपैस जागा मिळते. दोन दऱ्यांमधल्या खिंडीच्या माथ्यालगत ऊर्जापातळी आली तरी असेच बिघडते, कारण तिथेही दोन परतीचे बिंदू एकमेकांना खेटतात.

पुढची दुरुस्तीही काढता येते. तिच्यात दरीच्या वक्रतेचे, V″ चे, एक संकलन येते आणि त्याचा ऊर्जेबरोबर होणारा बदल मोजावा लागतो. आपल्या दरीत ती घातली की मूलावस्था ०.८६७ वरून ०.९८१ वर येते. म्हणजे बरेच अंतर कापले, पोचलो मात्र नाही.

ही दुरुस्ती एका प्रश्नाचे उत्तरही देऊन जाते. V = x² या दोलकासाठी हेच सूत्र मूलावस्थेपासूनच बिनचूक येते, जरी तिथेही काठ एकमेकांच्या जवळच असतात. कारण तिथे V″ स्थिर आहे आणि ते संकलन आवर्तनकाळाच्या प्रमाणात येते. छोट्या झोक्यांचा आवर्तनकाळ झोक्याच्या मोठेपणावर अवलंबून नसतो, म्हणून ऊर्जा बदलली तरी संकलन बदलत नाही आणि दुरुस्ती शून्य होते. पुढच्या सगळ्या दुरुस्त्याही अशाच गळून पडतात. वर्गात हे सूत्र बहुधा दोलकावरच तपासून दाखवतात, आणि विद्यार्थी ते अचूकच असते असे समजून बाहेर पडतो. शिकवताना x⁴ जोडीला घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आणि काठ गुळगुळीत नसेल तर? ग्रनोबलमधल्या संशोधन केंद्रात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अतिशय मंद न्यूट्रॉन आडव्या आरशावरून जाऊ दिले होते. वर गुरुत्वाचा सरळ उतार, खाली आरशाची पक्की जमीन. उताराकडून पाव फुगवटा बाहेर झिरपतो, जमिनीकडून जवळजवळ काहीच नाही. तेव्हा काठांच्या आत मावतात पाऊण, पावणेदोन, पावणेतीन फुगवटे, आणि अट होते Φ = (n + ¾)π. तिच्यावरून मूलावस्थेतला न्यूट्रॉन सुमारे १३.६ मायक्रोमीटर उंचीपर्यंत उसळायला हवा. एअरीचे अचूक उत्तर १३.७ मायक्रोमीटर. आरशाच्या वर थोड्या अंतरावर न्यूट्रॉन शोषणारे छत ठेवून ते हळूहळू वर नेले, तर एका ठरावीक उंचीपर्यंत पलीकडे जवळपास एकही न्यूट्रॉन पोचत नव्हता; मग ते दिसू लागले. ती उंची प्रयोगाच्या चुकीच्या मर्यादेत याच आकड्याशी जुळली.