चुकलेला भाग मैत्रिणीला कसा सांगायचा?

भातलावणीच्या दिवसांत आपल्या मुळशीत मालिकेचे चार-पाच भाग सहज चुकतात. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे असते, नाहीतर अंग टाकून पडलेली असते. त्यात पावसाने वीज गेली की संपलंच, आणि मोबाइलवर बघावं तर डोंगराकडच्या वाड्यांत रेंज नसते. मग गटाच्या बैठकीत सगळ्या मालिकेवर बोलत असतात आणि ती एकटी गप्प बसते. कुणीतरी सांगायला लागते, "आधी ती स्वयंपाकघरात आली, मग फोन वाजला, मग बेल वाजली..." दहा मिनिटं जातात आणि ऐकणारीच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आज आम्ही चुकलेला भाग कसा सांगायचा, ते सांगणार आहोत.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं 'आई कुठे काय करते' ही मालिका चालली. घर देशमुखांचं. अरुंधती आणि अनिरुद्ध, त्यांची तीन मुलं अभिषेक, यश आणि ईशा, शिवाय अप्पा आणि कांचन हे सासू-सासरे. अनिरुद्धच्या ऑफिसातली संजना. एवढी माणसं म्हटल्यावर प्रत्येकाचं काही ना काही चालू असणारच.

सांगायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा : "तू शेवटचं काय पाहिलंस?" जिथे तिची कथा थांबली तिथूनच उचलायची. तिला माहीत असलेलं पुन्हा सांगण्यातच अर्धा वेळ जातो.

मग प्रसंगांच्या क्रमाने न सांगता धाग्यांनी सांगायचं. मालिकेत एका धाग्याचा तुकडा दाखवतात, मग दुसऱ्याचा, मग परत पहिल्याचा. आपण वेणी घालताना केसांचे पेड वेगळे करतो, तसे हे धागे आधी वेगळे करायचे. अरुंधती-अनिरुद्ध-संजना हा एक धागा, अभिषेकच्या लग्नाचा दुसरा. एक धागा पुरा सांगावा, मग दुसऱ्याला हात घालावा. ज्या धाग्यात काही हललंच नाही, त्याला "तिकडे तसंच आहे" एवढं पुरे.

आता खरी मेख. मालिकेत काय घडलं यापेक्षा कुणाला काय कळलं, हे महत्त्वाचं असतं. अनिरुद्ध आणि संजनाचं नातं आपल्याला, म्हणजे बघणाऱ्यांना, कितीतरी दिवस माहीत होतं. अरुंधतीला नव्हतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या वेळी तिला ते कळलं, आणि तिथून मालिकाच बदलली. हा भाग ज्या मावशींचा चुकला, त्यांना सजावट आणि साड्या सांगून उपयोग नाही. त्यांना असं सांगावं :

"मावशी, वाढदिवसाची तयारी चालली होती तिथवर तुम्ही पाहिलंत ना? त्या समारंभातच अरुंधतीला अनिरुद्धचं आणि संजनाचं कळलं. आता ती पूर्वीसारखी भाबडी राहिलेली नाही."

त्यानंतर घरातल्या एकेकाचं नाव घेऊन कुणाला कळलंय आणि कुणाला नाही, एवढं सांगितलं की झालं. पुढच्या भागात कांचन सुनेशी तसं का बोलली, यश बापावर का चिडला, हे मावशींचं त्यांनाच उमगतं. हे सांगायचं राहिलं, तर पुढचा भाग डोळ्यांनी पाहूनही त्या विचारत राहतात, "ही एवढी का रडते?"

दोन ठिकाणी सांगणारी हमखास फसते. एक म्हणजे स्वप्न. कुणी कुणाच्या थोबाडीत मारतं आणि मग कळतं, ते नुसतं मनात आलं होतं. तो प्रसंग घडला म्हणून सांगू नये. दुसरं, शेवटी दाखवतात ते 'पुढील भागात'. त्यात तुकडे असे जोडतात, की भलतंच वाटावं. ते सांगायचंच असेल तर "हे अजून व्हायचंय" असं म्हणून वेगळं सांगावं.

नट बदलला तर तेही आधी सांगावं. संजनाचं काम पहिल्यांदा दीपाली पानसरे करत होत्या, नंतर रूपाली भोसले आल्या. बरेच भाग चुकलेल्या बाईला वाटतं, घरात ही कोण नवीन आली? "संजना तीच, चेहरा नवा" एवढ्या शब्दांत घोळ मिटतो.

आणि आपलं मत शेवटी. "अरुंधतीने तेव्हाच घर सोडायला हवं होतं" हे आपलं म्हणणं झालं, मालिकेत घडलेलं नव्हे. दोन्ही मिसळलं, की ऐकणारीला वाटतं अरुंधती घर सोडून गेलीच. आधी घडलेलं सांगून संपवा, मग "मला विचारशील तर..." म्हणून सुरू करा. तोवर तिलाही सगळं माहीत झालेलं असतं, मग तीही तुमच्याशी भांडायला मोकळी.