छेदावरील सर्वांत स्वस्त तार

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत चेकोस्लोव्हाकियाच्या मोराविया प्रांतात गावोगाव वीज नेण्याचे काम चालू होते. तेथील वीज कंपनीत यिन्द्रिख साक्सेल नावाचा एक गृहस्थ नोकरीस होता. त्याने ब्रनो येथील आपला गणितज्ञ मित्र ओटाकर बोरुव्का याच्यापुढे एक प्रश्न ठेवला. कोणत्या दोन गावांमध्ये तार टाकता येईल आणि तिला किती खर्च येईल हे ठाऊक असताना, सर्व गावे एकमेकांशी जोडली जातील आणि एकूण खर्च कमीत कमी होईल, असे जाळे कसे ठरवावे? बोरुव्काने 1926 साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कोणत्याही दोन गावांमध्ये तार टाकता येत असेल, तर केवळ दहा गावे जोडण्याच्या निरनिराळ्या काटकसरी रीती दहा कोटी होतात. येथे काटकसरी म्हणजे एवढेच की, एकही तार अनावश्यक नाही. कोणतीही एक काढली तर जाळे तुटते. अशा जाळ्यात कोठेही बंद फेरा असत नाही, कारण फेरा असता तर त्यातील एक तार काढूनही सर्व गावे जोडलेलीच राहिली असती. फेरा नसलेल्या या अखंड जाळ्यास गणिती ‘वृक्ष’ म्हणतात, आणि सर्व गावांना कवेत घेणाऱ्या वृक्षांपैकी ज्याचा एकूण खर्च सर्वांत कमी, त्यास ‘किमान विस्तारवृक्ष’ म्हणतात. गावे कितीही असोत, वृक्षात तारांची संख्या गावांच्या संख्येपेक्षा नेमकी एकाने कमी असते.

आता व्यवहारी माणसाची अडचण अशी की, हे कोट्यवधी वृक्ष तपासून पाहण्यास त्यास सवड नाही. त्याला आज एक तार टाकावयाची आहे, आणि उद्या संपूर्ण नकाशा पुढे आल्यावर ती उपटावी लागू नये एवढीच त्याची इच्छा आहे. एरवी जवळचे पाहून घेतलेला निर्णय दूरवर महाग पडतो, हा अनुभव कोणास नाही? घाटाच्या पायथ्याशी सोपी वाटणारी वाट वर कड्यापाशी जाऊन संपते. या प्रश्नात मात्र तसे होत नाही, आणि का होत नाही ते ज्या एका नियमाने कळते, त्याचे नाव ‘छेदाचा गुणधर्म’.

नियम असा. सर्व गावांचे मनास येईल तसे दोन गट करावेत. दोन्ही गटांत निदान एक तरी गाव असावे, याखेरीज अट नाही. अशा विभागणीस छेद म्हणतात. एका गटातील गावापासून दुसऱ्या गटातील गावापर्यंत जाणाऱ्या ज्या तारा शक्य आहेत, त्या छेद ओलांडणाऱ्या तारा. त्यांतील सर्वांत स्वस्त तार निवडली, तर ती कोणत्या ना कोणत्या किमान विस्तारवृक्षात असतेच.

हे खरे कशावरून? श्रोत्यांनी कागदावर पाच ठिपके काढावेत. डावीकडे क वर आणि ख खाली. उजवीकडे घ वर, ग खाली आणि च सर्वांत दूर. तार टाकण्याजोगे मार्ग सहाच आहेत असे धरू. क-ख 4 किलोमीटर, ग-घ 3, घ-च 5, ख-ग 6, क-घ 8 आणि ख-च 9. खर्च लांबीच्या प्रमाणात आहे.

एखाद्या अभियंत्याने क-ख, ग-घ, क-घ आणि ख-च या चार तारांची योजना आणली. सर्व गावे जोडली गेली आहेत, फेरा कोठे नाही, एकूण लांबी 24 किलोमीटर. आता डावीकडचा क-ख हा एक गट आणि उजवीकडची तीन गावे हा दुसरा, असा छेद घेऊ. तो ओलांडणाऱ्या तारा तीन: 6 ची ख-ग, 8 ची क-घ आणि 9 ची ख-च. सर्वांत स्वस्त ख-ग. आणि नेमकी तीच अभियंत्याने सोडलेली आहे.

ती त्याच्या जाळ्यात वाढवून पाहावी. ख आणि ग ही गावे आधीपासूनच जोडलेली होती. ख पासून क, क पासून घ आणि घ पासून ग अशी त्यांची जुनी वाट होती. नवी तार पडताच ख, ग, घ, क आणि पुन्हा ख असा बंद फेरा तयार झाला. सर्व युक्तिवाद या फेऱ्यावर उभा आहे. फेऱ्याने निघालेला माणूस नव्या तारेवरून डाव्या गटातून उजव्या गटात गेला. जेथून निघाला तेथेच त्याला परत यावयाचे आहे. म्हणजे त्याने छेद आणखी एकदा तरी ओलांडलाच पाहिजे, आणि तोही दुसऱ्या तारेवरून. नदीच्या एका पुलावरून पलीकडे गेलेल्यास, तोच पूल पुन्हा वापरावयाचा नसेल, तर परतण्यास दुसरा पूल हवाच. येथे तो दुसरा पूल क-घ हा आहे.

तो काढून टाकावा. क-घ ही फेऱ्यातील तार असल्यामुळे ती गेली तरी कोणतेही गाव तुटत नाही. तिच्यावरून होणारी ये-जा फेऱ्याच्या उरलेल्या भागावरून होते. तारांची संख्या पुन्हा चार, फेरा नाहीसा, आणि 24 चे 22 झाले. खर्च वाढणे शक्यच नव्हते, कारण आलेली तार छेदावरील सर्वांत स्वस्त होती आणि गेलेली तारही त्याच छेदावरील होती.

हीच अदलाबदल आता किमान विस्तारवृक्षावर करावी. समजा, एक किमान वृक्ष हाती आहे आणि छेदावरील सर्वांत स्वस्त तार त्यात नाही. ती घालावी, फेरा बनेल. फेऱ्यातील छेद ओलांडणारी दुसरी तार काढावी. नवे जाळेही वृक्षच आहे आणि जुन्यापेक्षा महाग नाही. जुने किमान होते, म्हणून ते त्याहून स्वस्तही असू शकत नाही. तेव्हा दोन्हींचा खर्च सारखा, आणि नवाही किमान वृक्षच. त्यात आपली तार आहे. सिद्धता एवढीच.

मात्र एक चूक येथे सहज घडते. नवी तार आल्यावर छेदावरील सर्वांत महाग तार, म्हणजे 9 ची ख-च, काढण्याचा मोह होतो. 8 ऐवजी 9 वाचतील! पण ख-च फेऱ्यात नाही. ती काढली तर च गाव अंधारात राहते आणि पलीकडे फेरा तसाच शिल्लक उरतो. काढावयाची तार छेद ओलांडणारी हवी आणि फेऱ्यातीलही हवी. पहिल्या अटीने खर्च आटोक्यात राहतो, दुसरीने जाळे अखंड राहते. ख-च ही तार महाग आहे हे खरे. पण तिच्यासाठी च एकीकडे आणि बाकी चार गावे दुसरीकडे असा निराळा छेद घ्यावा लागतो. त्यावर 5 ची घ-च सर्वांत स्वस्त आहे. ती घालून ख-च काढली की 22 चे 18 होतात, आणि याहून कमी या नकाशात होत नाही.

नियमाच्या शब्दांत ‘कोणत्या ना कोणत्या’ असे म्हटले आहे, ते मोघमपणाने नव्हे. क-घ ची लांबी 8 ऐवजी 6 असती, तर पहिल्या छेदावर 6 च्या दोन तारा बरोबरीने स्वस्त ठरल्या असत्या. ख-ग घेतली तरी एकूण 18, क-घ घेतली तरी 18. प्रत्येक तार एका किमान वृक्षात आहे. परंतु दोघी मिळून एकाही किमान वृक्षात नाहीत, कारण दोन्ही घेतल्या तर ख, ग, घ, क हा फेरा परत येतो किंवा त्यासाठी आणखी स्वस्त तार टाकून द्यावी लागते. उलट छेदावर एकच तार निखालस स्वस्त असेल, तर ती प्रत्येक किमान वृक्षात असलीच पाहिजे. ती नसलेल्या वृक्षात अदलाबदल करताच खर्च खरोखर घटेल, आणि किमान म्हणविणारा वृक्ष किमान नव्हता असे ठरेल.

बोरुव्काची रीत याच बळावर चालते. प्रत्येक गाव आपल्यापासून निघणारी सर्वांत स्वस्त तार निवडते. एक गाव एकीकडे आणि उरलेली सर्व दुसरीकडे, हाही छेदच होय. आपल्या नकाशात क आणि ख एकमेकांस निवडतात, ग आणि घ एकमेकांस, आणि च हे घ ला. पहिल्याच फेरीत तीन तारा ठरल्या व दोन पुंजके उरले. दुसऱ्या फेरीत पुंजक्यांमधील सर्वांत स्वस्त तार, म्हणजे 6 ची ख-ग, घेतली की काम संपले. कोणत्याही गावाने दुसऱ्यास विचारले नाही, तरी सर्वांचे मिळून उत्तर अचूक आले.

सर्वांनी एकाच वेळी निवड करण्यात धोका आहे तो बरोबरीचा. तीन गावे समान अंतरावर असतील आणि पहिल्याने दुसऱ्याची, दुसऱ्याने तिसऱ्याची व तिसऱ्याने पहिल्याची तार निवडली, तर प्रत्येकाची निवड स्वतंत्रपणे निर्दोष असूनही तीन तारांचा फेरा होतो. बोरुव्काने म्हणूनच सर्व लांबी भिन्न धरल्या. व्यवहारात तारांना अनुक्रमांक देऊन बरोबरी झाल्यास लहान क्रमांकाची निवडावी, म्हणजे हा पेच सुटतो. तारा एकामागून एक निवडावयाच्या असल्यास दुसरी खबरदारी पुरते. पुढचा छेद असा घ्यावा की आधी निवडलेली एकही तार तो ओलांडत नाही. मग अदलाबदलीत जुनी निवड कधीच बाहेर फेकली जात नाही. प्राग येथील व्होइत्येख यार्निक याने 1930 साली मांडलेली आणि अमेरिकेत रॉबर्ट प्रिम याने 1957 साली पुन्हा शोधलेली रीत एकाच गावापासून पुंजका वाढवीत जाते. जोसेफ क्रस्कल याची 1956 ची रीत साऱ्या तारा स्वस्तापासून महागापर्यंत मांडून फेरा करणारी तेवढी गाळते. रीती तीन, पण तार घेण्याचा अधिकार तिघींनाही याच नियमाने मिळतो.

नियम बोलतो तो मात्र यादीतील तारांपुरताच. तीन गावे 10 किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या टोकांवर असतील, तर किमान वृक्षास दोन बाजू, म्हणजे 20 किलोमीटर तार लागते. त्रिकोणाच्या मध्यावर माळरानात एक खांब रोवून तिन्ही गावांस तेथून तार नेली, तर सुमारे 17.3 किलोमीटरमध्ये भागते. यात नियमाचा भंग झालेला नाही; तो खांब यादीत नव्हता, एवढेच. यादीत चौथा बिंदू म्हणून तो लिहिला, तर तीच रीत मध्यावरच्या तिन्ही तारा आपोआप निवडते. परंतु असे खांब कोठे रोवावेत, हे छेदाचा गुणधर्म सांगत नाही, आणि गावे वाढत गेली की तो प्रश्न फारच कठीण होऊन बसतो.